लाभांशाचा शेअर घेण्याआधी दोन आकडे काढा

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका मागच्या महिन्यात एक चिठ्ठी घेऊन आल्या. मुदत ठेव सुटली होती आणि कुणीतरी एका कंपनीचा शेअर सुचवला होता. चिठ्ठीवर चारच गोष्टी होत्या: भाव ३२० रुपये, लाभांश ६०० टक्के, वाढ १० टक्के, परतावा १४ टक्के. बाईंचा प्रश्न सरळ होता, “हे चौदा टक्के आले कुठून?”

हा प्रश्न पैसे गुंतवण्याआधी प्रत्येकाने विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उत्तर काढायला कॅल्क्युलेटर आणि कंपनीचा वार्षिक अहवाल पुरतो.

आधी त्या ६०० टक्क्यांचं बघू. लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर असते, बाजारभावावर नसते. या शेअरचं दर्शनी मूल्य २ रुपये, म्हणजे लाभांश १२ रुपये. ३२० रुपयांच्या भावावर तो पावणेचार टक्के पडतो. कंपनीने जमीन विकून एखाद्या वर्षी विशेष लाभांश दिला असेल, तर तो यातून वगळा. दरवर्षी मिळणारा तेवढाच धरा.

आता चौदा टक्के. पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले आजचा भाव, अधिक लाभांशवाढीचा दर, असं ते गणित आहे. मायरन गॉर्डन या अर्थतज्ज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. १२ रुपये १० टक्क्यांनी वाढले की १३ रुपये २० पैसे होतात. त्याला ३२० ने भागलं की ४.१ टक्के, त्यात वाढीचे १० मिळवले की १४.१. आजच्या भावाला शेअर घेणारा माणूस मनात किती परतावा धरून चालला आहे, ते हा आकडा सांगतो. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर तोच तिच्या भागभांडवलाचा खर्च, म्हणजे कॉस्ट ऑफ इक्विटी.

यात भाव खरा आहे आणि लाभांशही जवळजवळ खरा आहे. पण चौदातले दहा टक्के कुणाच्या तरी अंदाजातून आले आहेत. शिवाय या सूत्रात ती वाढ पाच वर्षांपुरती नसते, कायमची धरलेली असते. म्हणून तो १० चा आकडा तसाच मान्य करू नका.

तो तपासायची एक सोपी रीत आहे. कंपनी वाटून टाकलेल्या नफ्यातून वाढत नाही, ठेवून घेतलेल्या नफ्यातून वाढते. या कंपनीची प्रतिशेअर कमाई २० रुपये होती. १२ वाटले, ८ ठेवले, म्हणजे ४० टक्के ठेवले. प्रतिशेअर पुस्तकी मूल्य १२५ रुपये, म्हणजे भागधारकांच्या पैशावर कंपनी १६ टक्के कमावते. १६ चे ४० टक्के केले की ६.४ टक्के येतात. आजच्या सवयी कायम राहिल्या तर लाभांश साधारण इतक्याच वेगाने वाढेल. हा दर घालून परत गणित केलं तर पुढचा लाभांश १२ रुपये ७७ पैसे, भावावर ४ टक्के, आणि एकूण १०.४. चिठ्ठीतल्या चौदाचे असे साडेदहासुद्धा उरले नाहीत. चिठ्ठीतली १० टक्के वाढ खरी व्हायची, तर ४० टक्केच नफा ठेवणाऱ्या या कंपनीला त्या पैशावर कायम २५ टक्के कमवावे लागतील.

दुसरा आकडा वेगळ्या दिशेने येतो. विल्यम शार्प आणि इतरांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीला कॅपएम म्हणतात. ती या शेअरचा लाभांश पाहत नाही, त्याचा आजचा भावही पाहत नाही. ती विचारते, इतकी जोखीम घेणाऱ्याला किती मिळायला हवं? दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळतात असं धरू. सगळ्या बाजाराची जोखीम घेतल्याबद्दल त्यावर आणखी ६ टक्के. हा शेअर बाजारापेक्षा कमी हेलकावतो, बाजार १० टक्के हलला तर हा साधारण ७ टक्के हलतो, म्हणून त्याचा बीटा ०.७. सहाचे ०.७ पट म्हणजे ४.२, अधिक ७, एकूण ११.२ टक्के.

बाईंनी लगेच चौदा आणि अकरा शेजारी मांडले आणि म्हणाल्या, “म्हणजे हवेत त्यापेक्षा तीन टक्के जास्त मिळतायत, शेअर स्वस्त आहे.” इथेच बहुतेक जण फसतात. दोन आकड्यांत फरक दिसला की शेअर स्वस्त किंवा महाग ठरवू नका. आधी वाढीच्या आकड्याकडे वळा. परताव्याच्या जागी ११.२ घालून शेअरची किंमत काढली, तर ६.४ टक्के वाढीला ती २६६ रुपये येते आणि १० टक्के वाढीला ११०० रुपये. वाढीचा दर अपेक्षित परताव्याच्या जवळ गेला की हे सूत्र असं उधळतं. ११०० चा शेअर ३२० ला मिळतोय, असं कुणी सांगितलं तर तो आकडा या उधळण्यातून आलेला असू शकतो.

म्हणून मी त्यांना गणित उलटं करायला सांगितलं. ११.२ टक्के परतावा योग्य मानला, तर ३२० हा भाव किती वाढ गृहीत धरतो? उत्तर येतं ७.२ टक्के. आणि नफ्यातला ४० टक्के हिस्सा ठेवून ७.२ ची वाढ हवी असेल, तर कंपनीला त्या पैशावर १८ टक्के कमवायला हवेत. आता वाद ‘परतावा चौदा की अकरा’ असा राहिला नाही. आज १६ कमावणारी कंपनी कायम १८ कमावेल का, एवढाच प्रश्न उरला. त्याचा अंदाज जुन्या अहवालांवरून बांधता येतो.

कॅपएमचा ११.२ हाही दगडावरची रेघ मानू नका. बाजाराच्या जोखमीचा मोबदला कुणी ५ धरतो, कुणी ८. तेवढ्यानेच उत्तर १०.५ पासून १२.६ पर्यंत सरकतं. बीटा दोन वर्षांच्या भावांवरून काढला तर एक येतो, पाच वर्षांच्या भावांवरून दुसरा. आपला १०.४ या पट्ट्याच्या खालच्या टोकापेक्षा किंचित कमीच आहे. यावरून शेअर महाग आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्वस्त आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही.

आणखी एक चूक मी शिकल्यासवरल्या माणसांना करताना पाहिली आहे. भावावरून परतावा काढायचा, आणि तोच परतावा सूत्रात घालून शेअरची ‘खरी किंमत’ काढायची. उत्तर आजच्या भावाइतकंच येतं आणि भाव रास्त आहे असं वाटतं. पण त्यात काहीच तपासलेलं नसतं, जो भाव आत घातला तोच बाहेर आला. किंमत काढायची तर परताव्याचा दर बाहेरून आणावा लागतो, आणि कॅपएम त्यासाठी उपयोगी पडतं.

ज्या कंपन्या लाभांश देत नाहीत किंवा नफा मुख्यतः शेअर परत विकत घेऊन वाटतात, त्यांना हे लाभांशाचं गणित लावू नका. पोलाद, साखर यांसारख्या चढउताराच्या धंद्यात एका चांगल्या वर्षाचा लाभांश धरू नका. तिथे आठ-दहा वर्षांची सरासरी घ्या.

बाई घरी जाऊन कंपनीचे जुने अहवाल उघडून बसल्या. दहा वर्षांत भागधारकांच्या पैशावरची कमाई दोनदाच १८ च्या वर गेली होती. परत आल्या तेव्हा चिठ्ठीवरचा १० खोडून तिथे ६.४ लिहिलेलं होतं, आणि ३२० च्या शेजारी पेन्सिलीने २६६.