शंभर टक्के निकाल आणि मुख्याध्यापकाचा शेरा

आपल्याकडील अनुदानित माध्यमिक शाळांच्या संस्थाचालकांत असे एक मत दृढमूल झालेले आहे की, मुख्याध्यापकाची कर्तबगारी जोखण्यास दहावीच्या निकालाचा टक्का तेवढा पुरेसा आहे. वर्षअखेर गोपनीय अहवाल लिहावयास बसलेला कार्यवाह प्रथम हा टक्का पाहतो, आणि नेतृत्व, सहकाऱ्यांचे मनोधैर्य, पालकांशी संबंध हे पुढील रकाने त्याच टक्क्याच्या अनुरोधाने भरून टाकतो. या मताचे समर्थक सांगतात की, निकाल त्रयस्थ मंडळाने लावलेला असतो, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. उलट नेतृत्वादी गुण पाहणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे बदलतात, आणि तेथे वशिल्यास वाव राहतो. या युक्तिवादातील वशिल्याविषयीची भीती खरी आहे, व ज्यांनी संस्थांचे कारभार जवळून पाहिले आहेत ते ती नाकारणार नाहीत. परंतु त्या भीतीवर उपाय म्हणून ज्या टक्क्याचा आश्रय घेतला जातो, तो स्वतः तितका त्रयस्थ आहे काय, याची चौकशी कोणी करीत नाही.

मार्च २०१८ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला आणि मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषादी विषयांतील शाळेच्या हाती असलेले २० अंतर्गत गुण काढून घेण्यात आले होते. पुढील वर्षी ते गुण परत मिळाले व निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. या चढउताराला अन्यही कारणे असतील; परंतु राज्यातील मुख्याध्यापक एका वर्षात नादान झाले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा कर्तबगार झाले, असे तर कोणी म्हणणार नाही. जो आकडा परीक्षेची घडण बदलताच बारा टक्क्यांनी ढळतो, आणि ज्याचा काही अंश शाळेनेच दिलेल्या गुणांवर अवलंबून असतो, त्यास एकट्याला साक्षीस उभे करणे न्यायाचे नाही.

याहून गंभीर दोष टक्क्याच्या छेदात आहे, आणि तो मी येथे एका कल्पित उदाहरणाने फोडून दाखवितो. समजा, एकाच गावातील दोन शाळांत नववीच्या वर्गात प्रत्येकी ६० मुले आहेत. पहिल्या शाळेतून दहावीस ४८ बसली व ४८ उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के, दारावर फलक, मुख्याध्यापकास शाल-श्रीफळ. दुसऱ्या शाळेतून ५८ बसली, ५१ उत्तीर्ण झाली. निकाल ८८ टक्के, आणि मुख्याध्यापकास कार्यवाहांचे बोलावणे. आता नववीच्या पटापासून हिशेब मांडा. पहिल्या शाळेने ६० पैकी ४८ मुले, म्हणजे ८० टक्के, पार नेली. दुसरीने ५१, म्हणजे ८५ टक्के. पहिल्या शाळेतील उरलेली १२ मुले गेली कोठे, हा प्रश्न शाल पांघरविणाऱ्याने विचारलेला नसतो. काही नववीत नापास करून थोपविली गेली असतील, काहींच्या पालकांना बोलावून ‘दाखला काढून न्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सांगितले गेले असेल, आणि दोघाचौघांच्या वडिलांची खरोखरच बदली झाली असेल. ही शेवटची शक्यता ध्यानात ठेवूनच निवाडा केला पाहिजे. नाहीतर आपणही दुसऱ्या एका आकड्याचे गुलाम होऊ. हा भेद उकलण्याचे साधन शाळेच्याच कपाटात आहे: जनरल रजिस्टरातील शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना. तेथे एप्रिल ते जून या महिन्यांत ‘पालकांच्या विनंतीवरून’ असा एकच शेरा ओळीने आठ-दहा नावांपुढे आढळला, आणि ती सर्व नावे नववीच्या निकालपत्रकाच्या तळाशी असली, तर त्या पालकांपैकी चौघांच्या घरी जाऊन विनंती कोणी कोणास केली होती ते विचारावे.

येथे प्रतिपक्षी म्हणेल की, निकालाचा हिशेब असा शुद्ध करता येईल. पण मनोधैर्यासारख्या अदृश्य वस्तूचे मोजमाप कसे करणार? शिक्षकांना गुप्त प्रश्नावली वाटून मुख्याध्यापक आवडतात की नाही असे विचारावे, ही सूचना मला मान्य नाही. वेळेवर तासावर जावयास लावणारा मुख्याध्यापक काहींना नावडणारच, आणि मस्टरावरील उशिराच्या सह्यांकडे काणाडोळा करणारा लोकप्रिय होणारच. मनोधैर्य आवडीनिवडीत पाहू नये; ते मुख्याध्यापकाने केलेल्या वाटणीत पाहावे. वेळापत्रक उघडावे आणि आठवीच्या सर्वांत कच्च्या तुकडीस गणित कोण शिकवितो ते पाहावे: अनुभवी शिक्षक, की गेल्या जूनमध्ये रुजू झालेला, ज्यास नकार देता येत नाही असा तरुण? गैरहजर शिक्षकाचे बदली तास महिनाभर कोणाच्या माथी पडले, ते त्या तासांच्या नोंदीत पाहावे. तीच दोन-तीन नावे पुनःपुन्हा येत असली तर शिक्षकखोलीत काय बोलले जाते ते निराळे विचारावे लागत नाही. बारा वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाचा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव शाळेतून वेळेवर निघाला की लेखनिकाच्या टेबलावर सहा महिने पडून राहिला, हेही पाहावे.

नेतृत्वाचा पुरावा पाठनिरीक्षणाच्या लॉगबुकात सापडतो. ‘पाठ चांगला झाला, फळ्याचा वापर अधिक करावा’ हे वाक्य वर्षभर सर्वांच्या नावे उतरविलेले असले, तर तो मुख्याध्यापक वर्गात बसलाच नाही असे खुशाल समजावे. याउलट ऑगस्टमध्ये ‘अपूर्णांकांची बेरीज शिकविताना मागील बाकांवरील मुले केवळ उतरवून घेत होती’ अशी नोंद असेल, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच शिक्षकाच्या त्याच तुकडीचे पुन्हा निरीक्षण करून काय सुधारले ते लिहिलेले असेल, तर दुसरी नोंद हे नेतृत्वाचे निःसंशय गमक आहे. मात्र रिक्त पदे किंवा संस्थेने परस्पर केलेली नेमणूक यांचा दोष मुख्याध्यापकाच्या खाती टाकणे अन्यायाचे होय.

पालकांच्या संबंधात थोडेच सांगावयाचे आहे. तक्रारवही कोरी असणे हे समाधानाचे लक्षण मानू नये. पालक-शिक्षक संघाच्या सभेस बहुधा हुशार तुकडीतील मुलांचे आईबाप येतात. ज्यांचा रोज बुडतो ते येत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी सभेची वेळ एकदा तरी बदलली गेली काय, आणि आलेल्या तक्रारीस लेखी उत्तर किती दिवसांत गेले, एवढे दोन प्रश्न पुरेत.

शेवटचा आक्षेप असा की, कार्यवाह हा वकील किंवा व्यापारी. त्याने हे सारे केव्हा करावे? जनरल रजिस्टर, वेळापत्रक, लॉगबुक आणि तक्रारवही ही चार दप्तरे पाहावयास एक दिवस लागतो. मुख्याध्यापकाच्या सेवेविषयी लेखी मत देण्याचा ज्यास अधिकार आहे, त्याने वर्षातून एक दिवस खर्चणे हे त्या अधिकाराचे किमान मोल आहे. आणि लिहिलेले मत कपाटात कुलूपबंद ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सरकारी सेवकाच्या वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा, केवळ प्रतिकूल नव्हे, त्यास कळविला पाहिजे असे ठरविले आहे. शाळेस त्याहून कमी न्याय पुरावा असे मानण्याचे कारण नाही. वरील उदाहरणातील दोन मुख्याध्यापकांपैकी ‘उत्तम’ हा शेरा, त्याची बाकीची दप्तरे स्वच्छ असतील तर, ८८ टक्केवाल्यास मिळाला पाहिजे, आणि शंभर टक्केवाल्याकडे त्या बारा मुलांचा लेखी खुलासा मागितला पाहिजे.