औषधानं चेहरा सोलतो, ही अर्धीच गोष्ट

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत एकाच परिसरात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. म्हणजे मुरूम येण्याच्या वयाची हजारो पोरंपोरी इथे राहतात आणि त्वचारोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत. तरी पहिला सल्ला मिळतो तो होस्टेलच्या खोलीत किंवा मेडिकलच्या काउंटरवर, आणि तो बहुतेक तीन वाक्यांत आटोपतो. डॉक्टरच्या क्रीमनं चेहरा आणखी बिघडतो. तोंड आधीच तेलकट, त्यावर मॉइश्चरायझर कशाला? आणि सनस्क्रीन तर गोऱ्या लोकांचे चोचले!

हा पूर्वपक्ष पुरता खोटा नाही. पहिल्या वाक्यामागे तर खरा अनुभव आहे, म्हणून आधी तेच तपासायला हवं.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. कपाळावर बारीक दाणे, गालांवर लालसर पुटकुळ्या, हनुवटीवर जुन्या मुरमांचे काळे डाग. अशा मध्यम तीव्रतेच्या मुरमांना डॉक्टर बहुधा रात्री लावायला अडापलीन जेल आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. सूज जास्त असेल तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळीही देतात. ती घरी येते, दिसेल त्या प्रत्येक पुटकुळीवर जेलचा जाड थर देते आणि रोज रात्री हेच करते. आठवडाभरात नाकाच्या कडा सोलतात, तोंडाभोवती आग होते आणि दोनचार नवे मुरूमही वर येतात. मग ट्यूब कचऱ्यात जाते आणि ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणायला खोलीतल्या मैत्रिणी असतातच.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मुरूम वर दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी त्वचेच्या छिद्रात मृत पेशी आणि तेल यांचं सूक्ष्म बूच बसलेलं असतं. अडापलीन ही बुचं तयार होऊ देत नाही. आधीपासून आत असलेली मात्र आपल्या वेळेनं वर येतच राहतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या नव्या पुटकुळ्या बऱ्याचदा जुन्याच साठ्यातल्या असतात. औषधाचा खरा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी लावायचा; चौथ्या दिवशी लावलेला निकाल कोणत्याच बाजूनं ग्राह्य नाही.

सोलणं हा दुसरा मुद्दा. ते औषधामुळेच होतं, पण बरंचसं प्रमाण चुकल्यामुळे होतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी यांवर त्याचे ठिपके देऊन पातळ पसरायचं. एकेका मुरमावर थापायचं नाही, कारण औषध उद्याच्या मुरमांसाठीही असतं. सुरुवात एक रात्र सोडून करायची आणि दोन-तीन आठवडे त्वचेला झेपलं तर रोज. पंधरा ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपली, तर चूक औषधात नाही, हातात आहे.

आता दुसरा आक्षेप, तेलकट तोंडाला मॉइश्चरायझर कशाला हा. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल ग्रंथींतून येतं; ओलावा धरून ठेवतो तो त्वचेचा सर्वांत वरचा थर. अडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड याच थराला त्रास देतात. म्हणून कपाळ चकाकत असतानाच गाल ओढल्यासारखे होतात, कोपरे सोलतात. आपल्याकडे त्यात बोअरच्या जड पाण्याची भर पडते. त्यात साबणाचा राप चेहऱ्यावर राहतो आणि कोरडेपणा वाढतो. अशा वेळी लिंबू, बेकिंग सोडा किंवा स्क्रब चोळणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

करायचं ते साधं आहे. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, हातानं, न घासता. चेहरा टिपून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेवर अडापलीन जास्त झोंबतं. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, छिद्रं न बुजवणारं हलकं मॉइश्चरायझर आधी लावायचं, मग जेल आणि आग होत असेल तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांवर आधीच पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं तर तिथे औषध साचत नाही. सकाळच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडचा एक गुण मात्र ठाऊक असू द्यावा. टॉवेल, उशीचा अभ्रा, रंगीत ओढणी, जिथे ते लागेल तिथला रंग उडतो.

तिसरा आक्षेप सनस्क्रीनचा. सावळ्या त्वचेला ऊन भाजत कमी असेल, पण डाग तिलाच जास्त पडतात. मुरूम बसल्यावर राहिलेला काळा ठिपका उन्हानं गडद होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. अनेकांना तोच मुरूम वाटतो आणि औषध लागू पडत नाही असं ते ठरवून टाकतात. त्यात डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. एप्रिल-मेच्या दुपारी वसतिगृहापासून वर्गापर्यंतची चालही मग पुरेशी ठरते. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं, जेल स्वरूपातलं सनस्क्रीन घ्यावं. तर्जनी आणि मधलं बोट यांवर लांब ओढलेल्या दोन रेघा एवढं ते चेहरा व मानेला लागतं; बाहेर राहिल्यास दोन-तीन तासांनी पुन्हा. डाग फारच असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत डाग वाढवतो. स्कार्फ बांधावाच, पण तो सनस्क्रीनच्या जोडीला.

राहिली मेडिकलमधून सहज मिळणारी ‘चार दिवसांत फरक’ ट्यूब. अशा मिश्रणांत अनेकदा स्टेरॉइड असतं. लाली झटकन उतरते, म्हणून विश्वास बसतो. ट्यूब थांबवली की मुरूम दुप्पट जोरानं उसळतात, त्वचा पातळ होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवरच्या पाहणीत त्वचारोगाच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते गोरं होण्यासाठी किंवा मुरमांसाठीच सुरू केलं होतं. झटपट फरक ही इथे धोक्याची खूण आहे.

याचा अर्थ डॉक्टरनं दिलं म्हणून सगळं निमूट सोसायचं, असा मुळीच नाही. किंचित सोलणं, थोडी चुणचुण अपेक्षित आहे. पण पापण्या सुजल्या, पाणी सुटलं, चेहराभर खाज सुटली तर औषध थांबवून दाखवायला जायचं; बेन्झॉइल पेरॉक्साइडची ॲलर्जी खरोखर असते. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. गरोदरपण असेल किंवा ठरवलेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. तीव्र, व्रण पाडणाऱ्या मुरमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते. म्हणून ती मैत्रिणीच्या पाकिटातून घ्यायची नसते.

त्या विद्यार्थिनीचं पुढे काय व्हावं? बाराव्या आठवड्याला केसपेपर घेऊन पुन्हा ओपीडीत जावं. तोवर गोळी बहुधा बंद होते. मुरूम घटले असतील तर अडापलीन मात्र पुढे कित्येक महिने चालू ठेवायला सांगितलं जातं, कारण बुचं पुन्हा बसू द्यायची नसतात. फरकच नसेल तर डॉक्टर औषध बदलतात आणि पाळी अनियमित, हनुवटीवरचे केस वाढलेले असतील तर संप्रेरकांची तपासणी सुचवतात.