‘गंटेगे’ दोनदा आलं तर येऊ द्या

भाषांतर वाचायला सहज वाटलं की ते चांगलं, असं आपण मानतो. कथा-कादंबरीपुरतं हे ठीक आहे. प्रसूतिकक्षातल्या नर्सच्या हाती द्यायच्या मार्गदर्शिकेत मात्र भाषा ओघवती करण्याच्या हौसेने माणूस मरू शकतो. हे मी उगाच ताणून बोलत नाहीये. बेळगाव-निपाणी-धारवाडकडची आपली बरीच मंडळी परदेशात राहून, शनिवार-रविवारी वेळ काढून आरोग्यविषयक मजकूर कन्नडमध्ये नेण्याचं काम स्वयंसेवेने करतात. मीही बेळगावचीच, मीही हे मसुदे तपासते. म्हणून हा वाद आपल्यातच घालते आहे.

एकच औषध घेऊ: मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. ते झटके रोखायला आणि थांबवायला हे औषध देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटला. औषध स्वस्त आहे, पण त्याची मात्रा शरीरात साचली तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, मग श्वास मंदावतो आणि थांबतो. ते शरीराबाहेर पडतं मूत्रपिंडांवाटे. म्हणून प्रिचर्ड पद्धतीत दर ४ तासांनी ५ ग्रॅमचं इंजेक्शन देण्याआधी नर्सने तीन गोष्टी पाहायच्या असतात. श्वास मिनिटाला किमान १६ हवेत, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडायला हवा, आणि मागच्या ४ तासांत लघवी ताशी किमान ३० मिली झालेली हवी. यांतलं एक जरी बसत नसेल तरी इंजेक्शन थांबवायचं.

आता शेवटची अट कन्नडमध्ये बघा: ‘कळेद ४ गंटेगळल्लि गंटेगे कनिष्ठ ३० मिली’. ‘गंटेगे’ म्हणजे ताशी. (‘कनिष्ठ’ म्हणजे इथे किमान, आपल्या मराठीतला हाताखालचा नव्हे.) मी तपासलेल्या एका मसुद्यात हे ‘गंटेगे’ गायब होतं. कारण विचारलं तर उत्तर आलं, एकाच वाक्यात ‘गंटे’ दोनदा येत होतं, कानाला खटकत होतं. वाक्य सुंदर झालं खरं. पण त्याचा अर्थ झाला, चार तासांत मिळून ३० मिली. मूळ अटीप्रमाणे चार तासांत १२० मिली हवी. जिला चार तासांत ४० मिलीच लघवी झाली, तिची मूत्रपिंडं मंदावली आहेत आणि औषध तिच्या अंगात साचतं आहे. सुधारलेलं वाक्य वाचणारी नर्स मात्र ४० हे ३० हून जास्त आहे असं बघून, पुस्तकाबरहुकूम, आणखी ५ ग्रॅम टोचेल. तिची यात काही चूक नाही. चूक आहे कान सांभाळणाऱ्याची.

पहिल्या मात्रेतही हाच सापळा आहे. शिरेतून द्यायचे ४ ग्रॅम म्हणजे २० टक्क्यांचं २० मिली द्रावण. ५० टक्क्यांच्या अँप्युलमधून ८ मिली घ्यायचे आणि त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी किंवा सलाईन मिसळायचं, की ते तयार होतं. ‘२०’ दोनदा आलेला पाहून कुणी टक्के उडवले, तर ५० टक्क्यांचंच २० मिली भरलं जाण्याची वाट मोकळी झाली. त्यात १० ग्रॅम असतात.

दुसरं दुखणं एकाच अटीला वेगवेगळे शब्द वापरण्याचं. पुस्तिका एकजण करतो, भिंतीवरचा तक्ता दुसरा, नोंदवहीचे रकाने तिसरा. पुस्तिकेत ‘कनिष्ठ १६’ येतं, तक्त्यावर ‘१६क्किंत हेच्चु’. पहिल्याचा अर्थ १६ किंवा अधिक, दुसऱ्याचा १६ हून अधिक. बरोबर १६ श्वास मोजले तर पुस्तिका म्हणते द्या, तक्ता म्हणतो थांबा. हा प्रसंग दुर्मीळ नाही. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात, पण गर्दीत अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले जातात. मग १५ किंवा १७ हा आकडा येऊच शकत नाही, १६ वारंवार येतो. गरज नसताना मात्रा रोखली तर झटका येऊ शकतो, नको तेव्हा दिली तर श्वास जाऊ शकतो.

धोक्याच्या लक्षणांचंही तेच. झटक्यांना एकाच पुस्तिकेत कुठे ‘सेळेत’, कुठे ‘मूर्छे’, कुठे ‘अपस्मार’ लिहिलेलं असतं. ‘मूर्छे’ म्हणजे शुद्ध हरपणंही, ‘अपस्मार’ हा वेगळाच आजार. नर्स आणि नातेवाईक तोंडाने ‘फिट्स’ म्हणतात. मग तेच लिहा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. यावर शुद्ध कन्नडचा आग्रह पुढे येतो. भाषेचा अभिमान मला समजतो, मी दोन भाषांच्या सीमेवरच वाढले. पण शब्द घडवायला इतर पानं आहेत. आणि आपण मराठी माणसांनी इथे जास्तच जपायला हवं, कारण कन्नड ‘मंडी’ म्हणजे गुडघा, आणि आपल्या कानाला ती मांडी वाटते.

काहीजण म्हणतात, नर्सना इंग्रजी येतं, भाषांतर हवंच कशाला? आरोग्य उपकेंद्रातल्या सगळ्याच जणींना नियमांचं इंग्रजी सफाईने वाचता येत नाही. तुम्ही कन्नड दिलं नाहीत तर तिथलंच कुणीतरी तोंडी भाषांतर करेल, आणि ते तपासायला कुणीच नसेल.

दुसरे म्हणतात, आम्ही उलट भाषांतर करून घेतो. ते उपयोगी आहे, पण अपुरं आहे. उलट भाषांतर करणाऱ्याला विषय ठाऊक असेल तर तो नकळत मूळ अर्थ परत आणतो. ‘१६ हून अधिक’ वाचून ‘किमान १६’ लिहितो आणि फरक झाकला जातो.

माझ्या मते क्रम उलटा हवा. वाक्यांना हात लावण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक मर्यादेपुढे आकडा, किमान की अधिक, एकक, किती वेळात आणि काय करायचं, एवढं लिहा. प्रत्येकासाठी एकच कन्नड शब्दयोजना ठरवा, डॉक्टर आणि नर्स दोघांकडून मान्य करून घ्या, आणि पुस्तिका, तक्ता, नोंदवही तिन्हींत तीच उतरवा. ‘ताशी ३०’च्या शेजारी ‘४ तासांत १२०’ छापायचं का, हेही त्यांनाच ठरवू द्या. आकडे आंतरराष्ट्रीय ठेवा. सिरिंजवर तेच असतात, आणि कन्नड लिपीतले सहा आणि नऊ दिसायला फार जवळचे आहेत.

मग परीक्षा घ्या, पण भाषेची नको. एका नर्सला पुस्तिका द्या, दुसरीला तक्ता. श्वास १५, १६, १७, चार तासांतली लघवी ४०, ११०, १२० मिली. प्रत्येक वेळी विचारा, इंजेक्शन द्याल की थांबाल? दोघींची उत्तरं एका जागी जरी वेगळी आली, किंवा डॉक्टरांच्या उत्तराशी जुळली नाहीत, तरी मसुदा परत. वाक्यं कितीही गोड असोत.