चारची कॉफी, रात्री दोनचा हिशेब



‘कॉफीने झोप उडते हा मनाचा खेळ’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांना कॉफीनंतर गाढ झोप लागत असेलही. पण तो नियम सर्वांना लावता येत नाही.

कॅफिनचा अर्धायुष्यकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, निरोगी प्रौढात साधारण ५ तास असतो. दुपारी चारला १०० मिलिग्रॅम घेतले, तर रात्री नऊला ५० आणि दोनला २५ उरते. हा निचरा मुख्यतः यकृतातील एक विकर करते आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. सिगारेटने तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी मंदावतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तर त्या विकरालाच अडवते. अर्धायुष्यकाल १० तासांवर गेला, तर त्याच कपातले ५० मिलिग्रॅम रात्री दोनलाही रक्तात असतात. अशा वेळी छातीत धडधड, हातांना कंप जाणवला की लोक गोळीलाच दोष देतात. कॉफीचे कुणी विचारत नाही!

नवजात बाळात हे विकर जवळजवळ नसतेच, म्हणून तिथे निचऱ्याला दिवस लागतात. उतारवयात झोपच सावध होते. थोड्याशा उरलेल्या कॅफिननेही ती मोडते. त्यामुळे घरातल्या साठीच्या आईची झोपेची तक्रार ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावू नये.

– एक औषधविक्रेती, सातारा