अक्षरे मोजून गीत बसत नाही



वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते आणि स्मरणिकेबरोबर नव्या गीतांची पुस्तिका. या पुस्तिकेसाठी गीते निवडण्याची पद्धत बहुतेक मंडळ्यांत सारखीच असते. मंडळीतले कोणी कविता लिहून देते, समिती ती टेबलावर मनातल्या मनात वाचते, "भाव फार सुंदर आहे" असे म्हणते आणि कोणीतरी बोटांवर अक्षरे मोजते. आठ आणि सहा. मग ठरते, "ही त्या अमुक इंग्रजी चालीवर बसते." पेटीवाल्याला कळवले जाते आणि काम संपते.

या पद्धतीला माझा विरोध आहे. ज्या कवितेला चाल लावायची आहे ती डोळ्यांनी निवडता येत नाही. कागदावर चांगली असलेली ओळ चालीवर चुकीची होऊ शकते, आणि कधी कधी तर आपल्या विश्वासाच्या उलट बोलू शकते.

नेहमीची चाल घ्या. जॉन न्यूटनचे "अमेझिंग ग्रेस" १७७९ साली छापले गेले. आज आपण म्हणतो त्या चालीशी विल्यम वॉकरने त्याची गाठ घातली ती १८३५ साली. मधे ५६ वर्षे गेली. हा दाखला माझ्याविरुद्ध दिला जातो. "बघा, आधी कविता, मागाहून चाल! तसेच आम्हीही करतो." पण न्यूटन आपल्या मंडळीने गावे म्हणूनच गीते लिहीत असे. आठ, सहा, आठ, सहा हे माप त्याच्या लोकांच्या तोंडात बसलेले होते आणि त्या मापाच्या चाली पुष्कळ होत्या. त्याने विशिष्ट चालीसाठी लिहिले नसेल, पण चालीच्या मापासाठीच लिहिले. त्या मापात केवळ अक्षरांची संख्या नाही. एक हलके, एक जड, पुन्हा एक हलके, एक जड, असा त्याचा ठेका आहे. वॉकरच्या चालीत हे उघड ऐकू येते. पहिल्या अक्षराला एक ठोका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला दोन. म्हणजे सम जागेवरचे प्रत्येक अक्षर दुप्पट लांब धरायचे.

आता त्या चालीवर कागदावर अगदी निर्दोष दिसणारी ओळ ठेवा. उदाहरणापुरती मीच केली आहे: "देवाची कृपा अपार, देते नवे बळ." मोजा, आठ आणि सहा बरोबर भरतात. आता म्हणून पाहा. देवाऽ, ची कृऽ, पा अऽ, पा रऽ. जी अक्षरे मुळात दीर्घ आहेत ती "ची" आणि दोन्ही "पा" एका ठोक्यात चेंगरली. जी ऱ्हस्व आहेत ती "कृ", "अ" आणि शेवटचा "र" ताणली गेली. अपारचे "आपार" झाले. दुसऱ्या ओळीचा शेवट तर चालीत सर्वांत लांब आहे, आणि तिथे आपण ठेवला आहे "ळ". बोलताना "बळ" हा शब्द एका दमात संपतो, त्यातला शेवटचा अ आपण उच्चारतच नाही. म्हणून अर्धी मंडळी "बळ्" म्हणून गप्प बसते, उरलेली "बळाऽऽ" म्हणत राहते आणि पेटी एकटीच पुढे जाते. मग ठपका येतो गायनमंडळावर, सराव कमी पडला म्हणून. सराव काय करणार? दोष ओळीतच आहे.

त्याच मापात हे पाहा: "दया तुझी मला मिळे, घरी दिवा जळे." हीदेखील घरचीच ओळ, कविता म्हणून काही थोर नव्हे. पण द-या, तु-झी, म-ला, मि-ळे. घ-री, दि-वा, ज-ळे. प्रत्येक जोडीत पहिले अक्षर लघु, दुसरे गुरू. आपल्या शाळेतल्या वृत्तांत याला नावही आहे: आठ अक्षरांचे, लघु-गुरू असे चार वेळा, ते प्रमाणिका. चाल जिथे थांबते तिथे दीर्घ स्वर आधीच उभा आहे, आणि सगळ्यांत लांब जागेवर "ळे" आहे. तो कोणालाही पोटभर धरता येतो. पेटी नसली तरी ही ओळ मंडळी एकत्र म्हणेल.

कोणी म्हणेल, गाण्यात ऱ्हस्व-दीर्घ सांभाळते कोण, भजनी बुवा काय वाटेल ते अक्षर ताणतात. खरे आहे. पण बुवा एकटे गातात, कुठे ताणायचे ते स्वतः ठरवतात आणि त्यांची चाल शब्दांसाठी थांबते. शंभर माणसांची मंडळी बांधलेल्या चालीवर गाते तेव्हा चाल कोणासाठीही थांबत नाही. शिवाय प्रश्न सौंदर्याचाच नाही. "देवाचा सुत जन्मला" हेही आठ अक्षरांचे आहे. त्यात "सु" चौथ्या जागेवर येतो, म्हणून तो लांबतो, आणि नाताळच्या सकाळी आपण सगळे मिळून गातो की देवाचे सूत जन्मले. पुस्तिका हातात असलेल्याला हे जाणवत नाही, कारण त्याचा डोळा ऱ्हस्व उकार पाहत असतो. ऐकणाऱ्याला दोराच ऐकू येतो.

अक्षरे मोजण्याची आपली सवय आली कुठून? अभंगातून आणि ओवीतून, आणि तिथे ती योग्यच आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे; त्यात लघु-गुरूचा हिशेब नाही. "देव" तिथे दोन अक्षरे मोजला जातो, कारण गाताना शेवटचा "व" पुरता उच्चारला जातो. ताल चालू असतो, पण तालाच्या आत अक्षर धरायचे की सोडायचे याची मोकळीक असते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गीते गाताना अभंग आणि ओवी हाती घेतली, त्यामागचे एक कारण मला तरी हेच दिसते: मराठी वाक्याला तिथे अंग चोरावे लागत नाही. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. तुमची कविता अक्षरे मोजून लिहिली असेल तर तिला अभंगाची चाल द्या. परकी बांधलेली चालच हवी असेल तर अक्षरे मोजून थांबू नका, लघु-गुरू पाहा. एका कापडाची पट्टी दुसऱ्या कापडाला लावून, वर "भाव महत्त्वाचा" म्हणणे पुरे झाले.

पण माझे खरे भांडण याच्यापुढे आहे. समजा लघु-गुरूही जुळले. ही ओळ पाहा: "मला प्रभू त्यजेल हा, विचार ना खरा." एकेक अक्षर तपासा, चालीत चपखल बसते. वाचायलाही ठीक आहे: प्रभू मला टाकील हा विचार खरा नाही. डोळा दोन्ही ओळी एकदम उचलतो, म्हणून अर्थ पुरा होतो. गाताना मात्र आठव्या अक्षरावर चालीचा एक तुकडा संपतो आणि लोक श्वास घेतात. त्या श्वासापर्यंत मंडळीने काय कबूल केले? प्रभू मला टाकील. नकार आला तो श्वासानंतर, आणि तोवर मागच्या बाकावरची आजी तिच्या ओळीवर थांबलेली आहे.

मुकाट वाचनात वाक्याचा मालक विरामचिन्ह असते. वाचणारा मागे जाऊ शकतो, थांबू शकतो. गाण्यात वाक्याचा मालक चालीचा तुकडा असतो आणि मागे जाता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा उभा केला तरी खरा असला पाहिजे. मराठीत हे अधिक जपावे लागते, कारण आपले गद्य नकार शेवटी ठेवते: सोडणार नाही, विसरणार नाही, भिणार नाही. क्रियापद आधी, नाही मागाहून. चालीची कात्री नेमकी त्या दोघांच्या मधे पडते. जुने गीतकार यासाठीच "न" हा छोटा शब्द क्रियापदाच्या आधी ठेवत. "प्रभू मला न सोडतो, धरी सदा करी." इथे श्वासापर्यंतचे बोलणे पुरे आणि खरे आहे, पुढे जे येते ती त्यात भर आहे.

आणि हाच "न" आपल्या संपादकांना जुनाट वाटतो! मुद्रिते तपासताना "न सोडतो" खोडून "सोडत नाही" केले जाते, तरुणांना कळावे म्हणून. कोणत्या तरुणाला "न सोडतो" कळत नाही? एक अक्षर वाढले, ते बसवायला "मला" काढले, आणि नकार ओळीच्या टोकाला, ठोक्याच्या बाहेर लोंबत राहिला. भाषा सुधारली, गीत मोडले.

ध्रुपदाचेही असेच आहे. वाचणारा डोळा ध्रुपद एकदा वाचून पुढच्या वेळी वगळतो. स्तोत्र १३६ मनात वाचून पाहा. त्यातले एकच वाक्य २६ वेळा येते, आणि चौथ्या वचनानंतर डोळा ते ओलांडून जातो. उपासनेत एकाने वचन म्हणावे आणि सर्वांनी ते वाक्य म्हणावे, मग कळते की तो मंडळीचाच भाग आहे. त्यामुळे समितीत "फार पुनरुक्ती आहे" म्हणून ध्रुपद तोडणारे आणि "ध्रुपद काय, कुठलेही चालेल" म्हणणारे, दोघेही वाचकच आहेत. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर म्हणून पाहिले पाहिजे. तिसरे कडवे वधस्तंभाजवळ संपत असेल आणि लगेच "आनंदे टाळ्या वाजवा" येत असेल, तर पाचांपैकी एका ठिकाणी ते गीत गाणाऱ्याच्या घशात अडकते.

हे सगळे इतके ताणून धरण्याचे कारण आपल्या भागात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आपली कितीतरी मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहेत. घरी मराठी बोलतात, पण मराठी पान वाचायला अडखळतात. मोठ्यांपैकी अनेकांना बारीक छपाई दिसत नाही. या दोघांपाशी पुस्तिका नाही, फक्त कान आहे. त्यांच्या मनात मराठीतून जे शास्त्र राहते त्यातले पुष्कळसे गीतांच्या तुकड्यांतून राहते, तेही शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात आत्म्यानेही आणि बुद्धीनेही गाण्याविषयी लिहिले. बुद्धीने गायचे तर जे कानावर पडते त्याला अर्थ हवा. जे छापले आहे त्याला असून भागत नाही.

म्हणून यंदाच्या पुस्तिकेसाठी मागणी एवढीच. कविता समितीपुढे कागदावर येऊ नये. दोन माणसांनी ती ठरलेल्या चालीवर पेटीशिवाय म्हणावी, आणि ज्यांनी ती पाहिलेली नाही अशा दोघांनी, एक लहान आणि एक म्हातारा, ऐकून प्रत्येक श्वासाशी काय समजले ते सांगावे. सूत ऐकू आले तर सूत म्हणावे. कवीला वाईट वाटेल, पण एक शब्द पुढेमागे करायला त्याला अजून वेळ असेल. आणि मुद्रिते तपासणाऱ्या बंधूंना विनंती की मागच्या पुस्तिकेत खोडलेले "न" या वेळी जागच्या जागी परत ठेवावेत. जुन्या प्रती माझ्याकडे आहेत, आणून देतो.