‘गॅसची गोळी’ किती दिवस घ्यायची?

आपल्याकडे तिला सगळे ‘गॅसची गोळी’ म्हणतात. पाकिटावर मात्र पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असं काहीतरी लिहिलेलं असतं. नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ आलं, की गोळी बहुधा याच कुटुंबातली असते. ती गॅस काढत नाही. जठरात आम्ल तयार करणारे जे ‘पंप’ असतात, ते ती बंद पाडते. छातीत जळजळ किंवा जठरात व्रण असेल तर हे औषध फार गुणकारी आहे. पण बहुतेक तक्रारींसाठी ते चार ते आठ आठवडेच द्यायचं असतं. घरोघरी मात्र ते वर्षानुवर्षं चालू राहतं, कारण ‘बंद करा’ असं कोणी सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, बासष्ट वर्षांच्या एक खाला आहेत. सहा वर्षांपूर्वी गुडघा दुखला, म्हणून दहा दिवस वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि पोट बिघडू नये म्हणून सोबत पँटोप्राझोल 40. वेदनाशामक थांबली, पँटोप्राझोल राहिली. शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आहेच. आता रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतात, मधूनच छातीत धडधडतं. तपासणीत कॅल्शियम कमी आलं. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी फरक पडेना.

इथे खरी उणीव मॅग्नेशियमची असू शकते. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. लघवी वाढवणारी गोळी उरलेलं बाहेर टाकते. मॅग्नेशियम फार घटलं, की शरीरातला कॅल्शियम सांभाळणारा हार्मोनही नीट काम करत नाही. म्हणून नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. बहुतेक रुग्णांनी गोळी वर्षभराहून जास्त घेतली होती, आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत मॅग्नेशियम देऊनही भागलं नाही, गोळीच बंद करावी लागली. असं फार घटणं सर्रास होत नाही, पण झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटकेही येऊ शकतात. नेहमीच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम बहुधा नसतं. डॉक्टरांना ते वेगळं लिहायला सांगावं लागतं.

दुसरी उणीव बी-12 ची. अन्नातलं बी-12 प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटं करायला आम्ल लागतं. दोन वर्षं आणि त्याहून जास्त गोळी घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त आढळते. मेटफॉर्मिनही बी-12 कमी करतं, म्हणजे खालांना दुहेरी धोका. पायांना मुंग्या आल्या तर तो मधुमेहाचाच परिणाम समजून सोडून देऊ नये, बी-12 तपासून घ्यावं.

मग गोळी आजच बंद करायची का? आपल्या मनाने नाही. पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला असेल, अन्ननलिकेला गंभीर सूज असेल, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारी आणखी एखादी गोळी चालू असेल, तर तीच गोळी संरक्षण करत असते. खालांच्या बाबतीत मात्र मूळ कारण सहा वर्षांपूर्वीच संपलं आहे. त्यांनी सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात आणि विचारावं, “ही कशासाठी सुरू केली होती, आणि ते कारण अजून आहे का?”

गोळी थांबवली, की पहिले काही आठवडे जळजळ उलट वाढू शकते. दाबून ठेवलेले पंप जोराने कामाला लागतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात ज्यांना पोटाची काहीच तक्रार नव्हती अशा निरोगी लोकांना आठ आठवडे हे औषध दिलं. बंद केल्यावर त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. म्हणजे ती जळजळ जुना आजार परतल्याची खूण असेलच असं नाही. तेवढ्यावरून लोक पुन्हा गोळी सुरू करतात आणि चक्र चालू राहतं. म्हणून डॉक्टर बहुधा 40 वरून 20 वर आणतात, काही आठवड्यांनी एक दिवसाआड देतात आणि मग थांबवतात. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं अँटासिड पुरतं, मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही विचारूनच घ्यावं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. रमजानमध्ये सेहरी करून लगेच आडवं होण्याची सवय असेल, तर गोळी कमी करण्याचा प्रयत्न त्या महिन्यात सुरू न केलेला बरा.

शौचाला काळं होणं, गिळताना अडकणं, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.