कालची कोळंबी

केडगावात समुद्र नाही, कोळंबी बर्फातून येते. म्हणून घेताना आपण ती चारदा हुंगून बघतो आणि एकदा शिजली की बिनधास्त होतो. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो.

हिशोब करून बघा. शिजवल्यावर जंतू मेले. मग वाढताना कुणाच्या तरी हातावरून स्टॅफिलोकोकसचे १०० जंतू रश्श्यात पडले. आता त्यांना स्पर्धकच नाही! मे महिन्यात दर अर्ध्या तासाला दुप्पट धरले, तर दुपारी २ ते रात्री १० मध्ये ६५ लाख. वास, चव मात्र तीच.

"पण परत खळखळून उकळलं की झालं ना?" नाही हो. जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष उकळूनही टिकतं. आणि ते आधीच तयार असल्याने साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू. कच्च्या कोळंबीतल्या व्हिब्रिओला आधी आतड्यात वाढावं लागतं, म्हणून त्याला बहुधा दिवसभर लागतो. काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, तर ती ॲलर्जी. ती ताज्या कोळंबीनेही होते; सरळ हॉस्पिटल गाठा.

तेव्हा "कालची आहे का?" हा प्रश्नच अपुरा. फ्रिजबाहेर किती वेळ होती, ते विचारा. दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये गेलेली कालची कोळंबी मी खुशाल खातो. दिवसभर ओट्यावर राहिलेली सरळ फेकतो.